राणेबाईंचं आदर्श उत्तर

लालबागच्या त्या शाळेत शेवंती राणे बाईंना लागून तेहतीस वर्षं झाली होती, आणि त्यातली सव्वीस वर्षं त्या दहावीला भूमिती शिकवत होत्या. त्यांच्या वर्गात चप्पल वाजवत यायची कुणाची टाप नव्हती. मुलं त्यांना घाबरायची, पालक त्यांना मानायचे, मुख्याध्यापकही त्यांच्यापुढे जरा सांभाळून बोलायचे. कारण एकच. बोर्डाचा पेपर कसा तपासतात हे बाईंना आतून ठाऊक होतं. दर मार्चला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्यांच्याकडे यायचे.

पहिल्या वर्षी तपासायला बसल्या तेव्हा बाई तरुण होत्या, हात सैल होता. एका मुलाने उंची-अंतराच्या गणितात आकृती काढली नव्हती, गुणोत्तर लिहिलं नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं. बाईंनी त्याला तीन गुण दिले. मॉडरेटर म्हणून बसलेल्या गृहस्थांनी ती उत्तरपत्रिका सगळ्यांदेखत उचलली आणि विचारलं, "राणेबाई, ह्याने हे कसं काढलं ते तुम्हाला स्वप्नात सांगितलं का? कागदावर आहे तेवढंच तपासायचं. डोक्यातलं तपासायला बोर्डाने ज्योतिषी नेमलेले नाहीत." बाकीचे परीक्षक हसले. बाईंनी मान खाली घालून तिनाचा एक केला. त्यानंतर त्यांचा हात पुन्हा कधी सैल झाला नाही.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा बाई पाचवीत. पुढे भावाचा संसार, भावजयीचं दुखणं, वडिलांचा म्हातारपणातला अर्धांगवायू, सगळं बाईंच्या पगारावर निघालं. चाळीतली खोली तीच राहिली. त्यांच्या मालकीचं असं काही होतं तर ते एक : राणेबाईंकडे शिकलेलं पोर उंची-अंतराच्या गणितात गुण सोडत नाही, ही ख्याती.

त्या वर्षी दहावी ब मध्ये हितेंद्र होता. वरळीच्या बीडीडी चाळीतून यायचा. वडील नव्हते. आई, दर्शना, परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात आया होती. पोरगा बारकासा, गप्प, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा. पण डोकं असं की गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत ह्याचं उत्तर तयार. बाईंना हे सप्टेंबरपर्यंत कळलंच नव्हतं, कारण तो हात वर करायचा नाही.

सप्टेंबरात बाईंनी चाचणी घेतली. एक गणित चार गुणांचं होतं. बारा मीटर उंचीच्या इमारतीच्या गच्चीवरून समोरच्या टॉवरच्या टोकाकडे पाहताना उन्नत कोन साठ अंशांचा होतो आणि टॉवरच्या पायथ्याकडे पाहताना अवनत कोन तीस अंशांचा होतो, तर टॉवरची उंची किती? हितेंद्रने दोन ओळी लिहिल्या होत्या.

"टॅन साठ हा टॅन तीसच्या तिप्पट. म्हणून वरचा भाग खालच्या तिप्पट, ३६. एकूण ४८ मी."

बाईंनी ते वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. खरं होतं. दोन्ही काटकोन त्रिकोणांत लगतची बाजू एकच, मग संमुख बाजू टॅनच्या प्रमाणात. अंतर काढायचीसुद्धा गरज नव्हती. सव्वीस वर्षांत एकाही पोराने असं लिहिलं नव्हतं, आणि बाईंनाही कधी सुचलं नव्हतं. हे दुसरं त्यांना जास्त लागलं. त्यांनी लाल पेनने शेजारी एक लिहिला आणि दुसऱ्या दिवशी ती उत्तरपत्रिका घेऊन वर्गात गेल्या.

"हितेंद्र, उभा राहा. इथे पुढे ये."

तो पुढे आला. बाईंनी त्याच्या दोन ओळी फळ्यावर जशाच्या तशा उतरवल्या.

"वाचा रे सगळ्यांनी. हे उत्तर आहे की वाण्याला दिलेली यादी? आकृती कुठेय? एबी कोण, सीडी कोण? तिप्पट म्हणे. कोणाच्या तिप्पट? तुझ्या आईच्या पगाराच्या?"

वर्गात हशा पिकला. हितेंद्रने जमिनीकडे पाहिलं.

"बाई, पण उत्तर बरोबर…"

"उत्तर बरोबर असलं की झालं? परीक्षक तुझ्या डोक्यात येऊन बसणार आहे? ऐक. असलं अर्धंमुर्धं लिहिण्यापेक्षा कोरा कागद दिलास तरी चालेल मला. निदान कागदाचा अपमान तरी होणार नाही."

त्या दिवसापासून पोरं त्याला तिप्पट म्हणायला लागली. मैदानात, जिन्यात, डब्याच्या सुट्टीत. "ए तिप्पट, पास दे ना." बाईंच्या कानावर ते यायचं. त्यांनी कोणाला थांबवलं नाही. एकदा हजेरी घेताना त्या स्वतःच "कुठेय आपला तिप्पट?" म्हणाल्या, आणि वर्ग पुन्हा हसला.

मग बाईंनी त्याला हातात घेतलं. हे त्यांचंच वाक्य होतं, हातात घेतलं. शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास. पहिल्या दिवशी त्यांनी तेच टॉवरचं गणित घेतलं आणि उत्तर कसं असतं ते दाखवलं.

आधी आकृती. पेन्सिलीने, पट्टीने. एबी ही इमारत, सीडी हा टॉवर. ए मधून सीडीवर एई हा लंब. ई जवळ काटकोनाची खूण. वर साठ अंश, खाली तीस अंश, दोन्ही कोन ए पाशी, आडव्या रेषेपासून मोजलेले. अवनत कोन उभ्या भिंतीपासून मोजलास की गणित गेलं. मग वाक्यं : समजा, रेख एबी ही इमारतीची उंची दर्शवते, रेख सीडी टॉवरची. एबी बरोबर बारा मीटर. कोन सीएई हा उन्नत कोन, कोन ईएडी हा अवनत कोन. चौकोन एबीडीई आयत आहे, म्हणून ईडी बरोबर एबी बरोबर बारा. हे वाक्य पोरं गाळतात, इथे परीक्षक थांबतो. मग काटकोन त्रिकोण एईडी मध्ये, टॅन तीस बरोबर ईडी छेद एई. आधी गुणोत्तर अक्षरांत, मग किमती. एई आलं बारा वर्गमूळ तीन. मग काटकोन त्रिकोण एईसी मध्ये, टॅन साठ बरोबर सीई छेद एई. सीई आलं छत्तीस. मग सीडी बरोबर सीई अधिक ईडी, छत्तीस अधिक बारा, अठ्ठेचाळीस. आणि शेवटी चौकटीत पूर्ण वाक्य : टॉवरची उंची अठ्ठेचाळीस मीटर आहे. एकक विसरायचं नाही.

"हे उत्तर," बाई म्हणाल्या. "परीक्षकाला एक गुण कापायचा म्हटला तरी जागा सापडता कामा नये."

खोटं नव्हतं ह्यातलं काही. बोर्डात गुण पायऱ्यांना मिळतात, आणि ज्याला शेवटचं उत्तर येत नाही त्यालाही ह्या मांडणीने दोन-तीन गुण मिळून जातात. बाईंनी कितीतरी कच्ची पोरं अशी तारली होती. पण हितेंद्र कच्चा नव्हता, आणि बाई त्याच्याशी तसं वागत होत्या.

आकृतीतला लंब जरा तिरका दिसला की बाई पान फाडायच्या. "परत." काटकोनाची खूण राहिली की परत. बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली नाहीत की परत. एकदा त्याने पेनने आकृती काढली तेव्हा बाईंनी वही खिडकीतून खाली टाकली, आणि तो दोन मजले उतरून आणायला गेला तोवर वर्गातल्या उरलेल्या दोन मुलींना म्हणाल्या, "ह्यांना ना, घरी कोणी वळण लावत नाही. मग आपल्याला लावावं लागतं." तो दारात पोचला होता. त्याने ते ऐकलं. आत येऊन बसला आणि पेन्सिलीला टोक करायला लागला.

दिवाळीनंतर त्याची वही बघण्यासारखी झाली. जानेवारीत तर बाई ती वही दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवू लागल्या. पण त्या सुबकपणाखाली एक गोष्ट घडत होती, ती वैभव सरांनी पाहिली. वैभव तिशीतला, बीजगणित शिकवायचा.

"राणेबाई, तुम्ही त्याच्याकडून घड्याळ लावून पेपर सोडवून घेतलाय का कधी?"

"का रे?"

"एक आकृती तीन-तीनदा खोडतो. माझ्या तासाला उदाहरण द्यायला गेलो, मनात उत्तर आलेलं दिसतं त्याच्या तोंडावर, पण लिहीत नाही. पट्टी शोधत बसतो. बीजगणितात पट्टी कशाला लागते हो?"

"सवय आहे. चांगली सवय आहे."

"दोन तासांत चाळीस गुणांचा पेपर आहे, बाई. चार गुणांच्या दोन गणितांना त्याने पाऊण तास घेतला तर दोन-दोन गुणांची कधी लिहिणार?"

"तू किती वर्षं पेपर तपासतोयस, वैभव?"

त्याला दोनच वर्षं झाली होती.

पूर्वपरीक्षेत हितेंद्रचे सहा गुणांचे प्रश्न लिहायचे राहिले. बाईंनी ते पाहिलं. पाहून त्यांनी वर्गात काय सांगितलं, तर "ह्याने जेवढं लिहिलंय त्यातला अर्धा गुणसुद्धा मी कापू शकले नाही. शिका जरा." त्या दिवशी कोणी त्याला तिप्पट म्हटलं नाही. पोराच्या तोंडावर जे आलं ते बाईंना आवडलं. राहिलेल्या सहा गुणांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या, "मोठ्या गुणांची आधी सोडव, डोकं ताजं असताना. बाकीचं होतं आपोआप."

मार्चमध्ये भूमितीचा पेपर झाला. केंद्र दादरला होतं. संध्याकाळी हितेंद्र मुद्दाम शाळेत आला. बाई जिन्यात भेटल्या.

"बाई, उंचीचं गणित आलं होतं चार गुणांना. अगदी तुम्ही दाखवता तसं लिहिलं."

"आकृती?"

"पट्टीने."

"आयताचं वाक्य?"

"लिहिलं."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी हा शब्द फार कमी वेळा वापरला होता. पोरगा तेवढा शब्द घेऊन घरी गेला. बाकीच्या पेपरचं त्यांनी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

निकालात त्याला गणितात एक्क्याऐंशी पडले. बीजगणितात चाळीसपैकी अडतीस, अंतर्गत परीक्षेचे वीसपैकी एकोणीस, आणि भूमितीत चोवीस. बाकी विषय बरे होते. त्याला सरकारी पॉलिटेक्निकला जायचं होतं, मेकॅनिकलला. यादी लागली तेव्हा पाचशेत सहा गुणांनी हुकलं.

दर्शनाला हे पटेना. तिने वॉर्डातल्या एका सिस्टरकडून फोनवर अर्ज भरून घेतला, बोर्डाकडून भूमितीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. पेपर पुन्हा तपासून घ्यायचा तर आधी ती झेरॉक्स विषयशिक्षकाला दाखवावी लागते, कुठल्या प्रश्नात गुण कमी दिले गेलेत ते त्याने कारणासकट लिहून द्यावं लागतं. म्हणून एका दुपारी ती ड्युटी संपवून, तशीच हॉस्पिटलच्या साडीत, पोराला घेऊन शाळेत आली.

शिक्षकांच्या खोलीत राणेबाई आणि वैभव दोघंच होते.

"बाई, कुठेतरी बेरीज चुकलीय त्यांची," दर्शना उभ्यानेच म्हणाली. "भूमितीत चोवीस होणंच शक्य नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, ह्याचा अर्धा गुण कापता येत नाही."

"बसा. बघू."

बाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटली.

पहिलंच उत्तर चौथ्या प्रश्नाचं होतं. मोठं आधी. उंचीचं गणित. बाईंनी आकृती पाहिली आणि त्यांचा हात थबकला. इतकी देखणी आकृती त्यांनी स्वतःसुद्धा फळ्यावर काढली नसती. खोडरबराचे राखाडी ओरखडे झेरॉक्समध्ये उमटले होते, आकृती निदान तीनदा काढली होती. नावं, कोन, लंब, आयताचं वाक्य, गुणोत्तर, किंमत, चौकट, एकक. चारपैकी चार. दुसरं चार गुणांचं, चारपैकी चार. तिसरा प्रश्न, नऊपैकी नऊ. मग पहिला प्रश्न, आठपैकी सात. त्यात शेवटचं उपउत्तर अर्धवट होतं, आणि अर्ध्या शब्दातून पेनाची रेघ कागदाच्या कडेपर्यंत गेली होती. पेपर हातातून ओढून घेतला होता.

त्यापुढे कोरी पानं. परीक्षकाने त्यांवर तिरप्या रेघा मारल्या होत्या.

दुसरा प्रश्न बारा गुणांचा, सगळ्यात सोपा. पाचवा तीन गुणांचा. दोन्ही नाहीत.

"दुसरा सोडवला नाहीस?" बाईंनी विचारलं.

"वेळ नाही उरला."

"हे काय आहे?" वैभवने मागून वाकून बोट ठेवलं. उंचीच्या गणिताच्या पानावर, उजवीकडच्या कच्च्या कामाच्या पट्टीत, पेन्सिलीने बारीक चार आकडे लिहिले होते. वैभवने प्रश्नपत्रिका मागितली. हितेंद्रकडे ती घडी घालून होती. वैभवने एकेक जुळवलं. दुसऱ्या प्रश्नातल्या दोन-दोन गुणांच्या चारही गणितांची ती उत्तरं होती. चारही बरोबर.

"हे कधी काढलंस?"

"पेपर वाचताना. सुरुवातीला."

"अरे, मग दोन-दोन ओळींत लिहायचंस ना खाली! सूत्र, किंमत, उत्तर! पाच-सहा गुण तर कुठे जात नव्हते. झालं असतं रे तुझं काम!"

हितेंद्र वैभवकडे नाही, बाईंकडे पाहत होता. आवाजात राग नव्हता. धडा म्हणून दाखवावा तसा बोलला.

"अर्धवट लिहायचं नाही ना, सर. बाईंनी सांगितलंय. त्यापेक्षा कोरं बरं."

दर्शना एकदा पोराकडे, एकदा बाईंकडे बघत होती. तिला भूमिती कळत नव्हती, पण वॉर्डात वीस वर्षं काढलेली बाई, कोणाच्या हातून काय झालं ते तिला तोंडावरून कळायचं.

"म्हणजे ह्याला सगळं येत होतं?" तिने विचारलं.

"येत होतं," वैभव म्हणाला.

"मग द्या ना लिहून, बाई. हे आकडे आहेत ना कागदावर. बरोबर आहेत ना? सहाच गुण पाहिजेत."

राणेबाईंनी चष्मा काढून पुसला. लिहून देता आलं असतं. कच्च्या कामाचे गुण मिळत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, अर्ज परत आला असता, पण ह्या बाईचा महिनाभर तरी आशेवर गेला असता. किंवा त्या म्हणू शकल्या असत्या की चूक माझी. ते वाक्य त्यांच्या तोंडापर्यंत आलं, आणि तिथे त्यांना त्या गृहस्थांच्या हातातली उत्तरपत्रिका आठवली, आणि ते हसणं.

"कच्चं काम तपासत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि कोऱ्या पानाला गुण मागता येत नाहीत. वेळेचं नियोजन विद्यार्थ्याने करायचं असतं. ते कोणी हात धरून शिकवत नाही."

"बाई…" वैभव म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस."

त्यांनी कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिलं : उत्तरपत्रिका तपासली. दिलेले गुण योग्य आहेत. खाली सही केली, तारीख घातली, कागद दर्शनाकडे सरकवला. दर्शनाने तो घेतला नाही. पोराच्या खांद्यावर हात ठेवून ती उठली.

"चल, बाळा."

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "ते पहिलं पान, उंचीच्या गणिताचं. मला त्याची एक प्रत लागेल. पुढच्या मुलांना दाखवायला. असं उत्तर बघायला मिळत नाही."

वैभवने तोंड फिरवलं. दर्शना दारात थांबली. हितेंद्रने मागे येऊन ते पान वेगळं काढलं, बाईंच्या टेबलावर ठेवलं, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर डस्टर ठेवला.

"ठेवा, बाई. मला नकोय."

पुढे त्याने परळच्या एका रात्रकॉलेजात कॉमर्सला नाव घातलं आणि दिवसा एका गोदामात खोकी मोजायला लागला. खोक्यांची बेरीज तो कागदावर करत नाही, त्यामुळे मुकादम त्याच्यावर ओरडतो. लिहून दाखव म्हणतो. वैभव सर एकदा त्याला भेटायला गेले होते, बाहेरून दहावीला पुन्हा बसायचा फॉर्म भर म्हणाले, तो हो म्हणाला. भरला नाही. दर्शना शाळेच्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घालते.

जुलैत राणेबाईंनी नव्या दहावीला उंची-अंतर सुरू केलं. त्या पानाची त्यांनी मोठी प्रत काढून आणली होती, वरचा बैठक क्रमांक कागद चिकटवून झाकला होता. फळ्याशेजारी टाचण्या मारून लावली आणि पट्टीने एकेक पायरी दाखवत गेल्या. मुलं मान वर करून बघत होती. पुढच्या बाकावरच्या रश्मीने हात वर केला.

"बाई, ह्याला किती मिळाले?"

"चारपैकी चार."

"आणि पूर्ण पेपरात?"

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "आकृती काढायला घ्या," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीने."